एकीनं घेतली म्हणजे झालं

द्वारकाबाईला अक्षर आलं ते साठी उलटल्यावर, आणि शिकवलं ते सुनेनं. मंजुषा वसमतची, बारावी झालेली. लग्न होऊन सेनगावच्या अलीकडच्या या गावात आली तेव्हा सासू अंगठा उठवते हे तिच्या लक्षात आलं. चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून घेत घेत तिनं वर्षाभरात म्हातारीला नाव लिहायला लावलं. द्वारकाबाई सगळ्या गावाला सांगायची, माझी सून म्हणजे माझी मास्तरीण. जनकाबाई शेजारीण हसायची, म्हणायची, आता तहसीलदारीणच व्हती का काय ही म्हातारी. द्वारकाबाईला ते हसणंही गोड लागायचं.

हे अक्षर पहिल्यांदा कामाला आलं ते कॅलेंडरावर.

झालं असं की दिवाळीनंतर द्वारकाबाईचा मुलगा वैजनाथ हर्नियाच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीच्या दवाखान्यात गेला. ऑपरेशनआधी रक्त तपासतात, तसं तपासलं, आणि त्याच्यात एचआयव्ही निघाला. कुठून आला, कवा आला, याची घरात एकदाच बोलणी झाली. वैजनाथ लग्नाआधी चार वर्षं ट्रकवर होता. तेवढंच तो बोलला आणि खाली बघत राहिला. मंजुषाचंही रक्त तपासलं. तिच्यात काही नव्हतं. तीन वर्षांच्या संसारात तिला लागण झाली नाही, हे ऐकून द्वारकाबाईनं दवाखान्याच्या व्हरांड्यातच हात जोडले.

मंजुषाचे वडील चौथ्या दिवशी न्यायला आले. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. पिशवी भरलेली होती. तेवढ्यात दवाखान्यातल्या समुपदेशक ऐश्वर्या मॅडमचा फोन आला की, उद्या एकदा दोघं या, एक गोष्ट सांगायची आहे.

गोष्ट गोळीची होती. वैजनाथची गोळी तर रोजची, जन्मभराची, ती ठरलेलीच होती. पण मॅडम म्हणाल्या, ज्याला लागण नाही त्यानंही रोज एक गोळी घेतली तर लागण अडवता येते. वैजनाथच्या रक्तातला विषाणू औषधानं दबायला सहा महिने लागतील. तेवढे दिवस मंजुषानं ही दुसरी गोळी घ्यायची. त्याचा विषाणू दबला, मोजणीत आला नाही, की मग त्याच्यापासून तिला लागण होणार नाही, तिची गोळी बंद करता येईल, आणि लेकराचंही बघता येईल. या गोळ्या अजून सगळीकडे सहज मिळत नाहीत, पण एक संस्था देते, तिच्याकडून मॅडमनी व्यवस्था केली. गोळी आधी एचआयव्ही नाही ना हे बघूनच सुरू करायची. किडनीचं रक्त बघायचं, काविळीचं बघायचं. पुन्हा महिन्यानं एचआयव्हीची तपासणी, मग दर तीन महिन्यांनी, आणि सहा महिन्यांनी किडनी. पहिले तीन आठवडे तर गोळीवर भिस्तच ठेवायची नाही, आणि पुढंही निरोध सोडायचा नाही.

मंजुषानं सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना म्हणाली, "आण्णा, तुमी जावा. मी राहते."

द्वारकाबाई त्या दिवसापासून सुनेची बांधील झाली. मॅडमनी सांगितलं होतं की गोळी चुकू नये म्हणून कॅलेंडरावर खूण करत जा. ते काम द्वारकाबाईनं मागून घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडराच्या प्रत्येक चौकोनात ती दिवसाला दोन अक्षरं काढायची. मंजुषाचा म आणि वैजनाथचा वै. मंजुषा सकाळी चहाच्या आधी गोळी घ्यायची, वैजनाथ जेवण झाल्यावर. म्हातारी पेन्सिल घेऊन उभी राहायची. वै काढायला तिला जड जायचं, दोन मात्रा एकमेकींवर आपटायच्या. पण महिनाअखेर भरलेलं पान बघून तिला पेरणी झालेल्या वावरासारखं वाटायचं.

डिसेंबरात मंजुषाची तपासणी झाली, निगेटिव्ह. फेब्रुवारीत झाली, निगेटिव्ह. मॅडम कॅलेंडराचा फोटो बघून म्हणाल्या, आजी, तुमच्यासारखी माणसं घरोघर पाहिजेत.

संक्रांतीनंतर वैजनाथ हळद शिजवायच्या यंत्रावर गेला. गावोगाव फिरून हळद शिजवून द्यायची, आठ आठ दिवस बाहेर. बाटली बरोबर न्यायचा. परत आला की तो सांगायचा, सगळ्या घेतल्या, आणि म्हातारी बसून मागचे आठ वै काढायची.

पाडव्याच्या दिवशी औतफाटा धुवून पुजायची या घराची जुनी रीत. पेरणी आता ट्रॅक्टरनं होते, तिफण गोठ्याच्या माळवदाला टांगलेली असते, पण पाडव्याला तिचं चाडं खाली काढून हळदकुंकू लावल्याशिवाय द्वारकाबाई पुरण घालत नसे. बियाणं ओतायचा तो लाकडी कटोरा. तिनं तो खाली घेतला तर आत खडखडलं. चिंधी बाजूला केली. गोळ्या होत्या, पासष्ट-सत्तर असतील. ज्या वैजनाथच्या ताटाशेजारी ती रोज बघायची, त्याच.

वैजनाथ आंघोळ करून येत होता. तिनं चाडं त्याच्यापुढं धरलं.

 तो हळू बोलला, समजावल्यासारखा. गोळी घेतली की चक्कर येते, रात्री भलतीच स्वप्नं पडतात, यंत्राच्या आगीपुढं उभं राहवत नाही. बरोबरची माणसं विचारतात, कसल्या गोळ्या खाऊन राहिला रे. दवाखान्यात मोजून बघतात म्हणून तो बाटलीत बरोबर तेवढ्याच ठेवून नेत होता, बाकी इथं टाकत होता.

"अन् तिचं काय?" द्वारकाबाईनं विचारलं.

"ती घेतेच की. तिला कुठं काय झालं? दोनदा तपासलं ना." वैजनाथ टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "माय, तूच सांग. तुझं ऑपरेशन झालं तवा आबाचं झालं व्हतं का?"

आता यात पटण्यासारखं काही नव्हतं, पण द्वारकाबाईला पटलं. वैजनाथच्या पाठीवर ती कळमनुरीच्या कॅम्पात जाऊन मूलबाळ थांबवायचं ऑपरेशन करून आली होती, आठव्या दिवशी निंदायला गेली होती. नवरा ओट्यावर विडी ओढत बसलेला. कुणी त्याला विचारलं नाही, त्यालाही वाटलं नाही, तिलाही नाही. घरात एकीनं केलं म्हणजे दोघांचं झालं. ही गोळीही तशीच असणार. मॅडम दोन्ही वेगळ्या वेगळ्या सांगत होत्या खऱ्या, पण दवाखान्यातली माणसं सांगताना जास्तीच सांगतात. आणि तिनंच तर पहिल्या आठवड्यात घाबरलेल्या लेकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, आता सून घेऊन राहिली ना गोळी, मग तू भिऊ नगंस.

तरी ती म्हणाली, "मंजुषाला सांग."

"सांगतो. सुगी सरू दे. आताच सांगितलं तर ती वसमतला जाईल, अन् मग बघ तू नातवाचं तोंड."

तिनं चाड्याला हळदकुंकू लावलं, गोळ्या तशाच ठेवून. संध्याकाळी पेन्सिल घेतली आणि चौकोनात म काढला. मग थोडं थांबून वै काढला. साठ वर्षं ती निरक्षर होती, तेवढ्या काळात तिच्या हातून कधी खोटं लिहिलं गेलं नव्हतं. कारण लिहिताच येत नव्हतं.

चैत्र-वैशाखात हळदीच्या काढणीनं मंजुषाची कंबर धरली. दोन एकर हळद, मजूर मिळेनात, ही दिवसभर वाकून कंद गोळा करायची, वाळवण उलथायची. नवरा यंत्रावर बाहेरगावी म्हणून त्याच्या वाटणीचंही करायची. द्वारकाबाईनं गावातल्या दुकानातून कंबरेच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. सकाळी एक, दुपारी एक, चहाबरोबर ती स्वतः हातावर ठेवायची. मंजुषा म्हणायची, आत्या, माझं पोट म्हणजे औषधाचं दुकान झालं. आणि हसून गिळायची. वैजनाथनं निरोधाची पाकिटं कधीच सोडली होती. मंजुषानं एकदा आठवण करून दिली तर तो म्हणाला होता, गोळी हाय ना. तिलाही वाटलं, आहे. दोघांचीही आहे, असंच ती धरून चालली होती.

मे महिन्यात सहा महिने भरले. तिघं जीपनं हिंगोलीला गेले. मंजुषाची तीन महिन्यांची तपासणी झाली, निगेटिव्ह. किडनीचं रक्त घेतलं. वैजनाथचं रक्त विषाणू मोजायला मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवलं. त्याचं उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं. वैजनाथ बाटली दाखवून खाली चहाला गेला.

दोन तासांनी मंजुषाचा किडनीचा कागद आला आणि डॉक्टरांनी तिला पुन्हा आत बोलावलं. द्वारकाबाईही मागून आत गेली. क्रिएटिनिन वाढलं होतं. डॉक्टरांनी तिचं वजन घेतलं, लघवी तपासायला सांगितली, मग विचारलं की दुसरी काही औषधं घेता का, दुखण्याची वगैरे. मंजुषानं कंबरेच्या गोळ्यांचं सांगितलं. दोन महिने, रोज दोन. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ते म्हणाले, या गोळ्या किडनीला लागतात, त्यात उन्हातलं काम, पाणी कमी. आपली बचावाची गोळीही किडनीतूनच जाते. तर आज दोन्ही बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त बघू, बहुतेक उतरेल. तोवर घाबरायचं कारण नाही. तुमच्या मालकांनी औषध नियमित घेतलंय, कॅलेंडर मी बघितलंय. त्यांचा रिपोर्ट दबलेला आला तर तुम्हाला ही गोळी पुन्हा लागणारही नाही. पण रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोधाशिवाय जवळ यायचं नाही, हे मात्र पाळा.

"कॅलेंडर तर आत्याच लिहितात," मंजुषा म्हणाली, आणि सासूकडे बघून हसली.

 द्वारकाबाईला एक शब्द बोलायचा होता. डॉक्टर समोर होते, मॅडम दारात होत्या, लेक खाली होता. सगळी माणसं शब्द ऐकायलाच बसलेली होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि खोकली.

जीपमध्ये मंजुषा खुशीत होती. लेकराचं बोलली, नाव काय ठेवायचं ते बोलली. वैजनाथ खिडकीतून बाहेर बघत होता. द्वारकाबाईनं त्याच्या गुडघ्याला दोनदा कोपर लावलं. त्यानं गुडघा बाजूला घेतला.

घरी पोचल्यावर तिनं त्याला गोठ्यात गाठलं. आज सांग म्हणाली. तो म्हणाला, रिपोर्ट येऊ दे, कोण जाणे, सुरुवातीला दोन महिने तर घेतल्यात, त्याच्यानंही दबला असंल. आज रात्रीपासनं परत घेतो. ती म्हणाली, अन् तवर? तो म्हणाला, तवर काय?

तवर काय करायचं ते मग म्हातारीनंच केलं. त्या संध्याकाळी तिच्या छातीत धडधडायला लागलं. हातपाय गार पडले, डोळे फिरवले. मंजुषा धावली, पाणी पाजलं, तळपाय चोळले. द्वारकाबाई म्हणाली, मला एकटीला भ्या वाटतं, तू माझ्यापासी झोप. मंजुषानं आपली वाकळ सासूच्या खाटेजवळ घातली. दुसऱ्या दिवशीही धडधड, तिसऱ्या दिवशीही. वैजनाथ बाहेर ओट्यावर पडायचा आणि सकाळी आईकडे असा बघायचा की जनावर बरं. एकदा तो म्हणालाही, माय, तुझी छाती दिवसा बरी चालते. मंजुषानं त्यालाच झापलं, आईबद्दल असं बोलतात व्हय. तिनं सासूला सेनगावला नेऊन छातीची पट्टी काढून आणली. पट्टी चांगली निघाली. तरी ती रोज रात्री उठून म्हातारीच्या नाकापुढं हात धरून बघायची.

आणि द्वारकाबाई डोळे मिटून ते सगळं बघत असायची. वैजनाथ खरंच आता गोळी घेत होता. रोज संध्याकाळी ती वै काढायची, तो आता खरा होता. म काढायचं काम उरलं नव्हतं. तिला वाटायचं, रिपोर्ट चांगला आला तर हे सगळं पोटात जिरून जाईल. चाडं पुन्हा माळवदाला टांगलं जाईल. माणसाला नको तिथंच देव आठवतो. ती रोज औंढ्या नागनाथाला म्हणायची, एवढ्या बार आकडा बराबर येऊ दे.

पंधराव्या दिवशी मंजुषाचं रक्त पुन्हा बघितलं. क्रिएटिनिन उतरलं होतं. वैजनाथचा रिपोर्टही दोन दिवसांनी आला, आणि ऐश्वर्या मॅडमनी तिघांना बोलावून घेतलं. या वेळी खोलीचं दार लावलं.

हजाराच्या आत पाहिजे होता. आकडा होता एक लाख चाळीस हजारांच्या वर.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कॅलेंडराची पानं टेबलावर पसरली आणि वैजनाथला म्हणाल्या, नियमित घेऊन एवढा येत नाही. काय अडचण आली ते सांगा, आपण वाट काढू. चक्कर येत असेल, झोप येत नसेल, तर वेळ बदलता येते.  वैजनाथ म्हणाला, संक्रांतीपासून बंद केली होती. मॅडमनी विचारलं, का? तो म्हणाला, ही घेत होती म्हणून.

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. मंजुषा टेबलावरच्या पानांकडे बघत होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. एकेका चौकोनात म आणि वै, आपटलेल्या मात्रांचे. तिनं मे महिन्याच्या पानावर बोट ठेवलं, जिथून म थांबला होता.

"म्हणून तुमची छाती धडधडत व्हती, आत्या," ती म्हणाली.

द्वारकाबाईनं पानं सारखी करायला घेतली.

"कवापासून ठाव हाय तुमाला?"

"पाडव्यापासून."

मंजुषानं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. पाडव्यापासून मेपर्यंत, निरोध नाही, नवऱ्याची गोळी नाही. मधे फक्त तिची एक गोळी उभी होती, आणि तिच्यावर सासूच्या हातच्या दोन. ती रडली नाही. रडली असती तर द्वारकाबाईला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं एकीनं घेतली म्हणजे झालं," म्हातारी म्हणाली. "आमच्या वक्ताला असंच व्हतं."

"मग मला का पंधरा दिवस बाजूला झोपवलं?"

 पाडव्याला कळत नव्हतं म्हणता आलं असतं. मे महिन्यात कळत होतं.

डॉक्टर आले. त्यांनी मंजुषाची त्याच दिवशी पुन्हा तपासणी करून घेतली, निगेटिव्ह आली. महिन्यानं आणि तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले, खात्रीसाठी. वैजनाथनं तीच गोळी नेमानं घ्यायची, तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. आणि मंजुषाची किडनी आता बरी आहे, दुखण्याच्या गोळ्या टाळल्या तर तिला बचावाची गोळी परत सुरू करता येईल, तपासण्या थोड्या जवळ जवळ करू. त्यांनी चिठ्ठीही लिहायला घेतली.

"डॉक्टर," मंजुषा म्हणाली, "मी यांच्यापासी राहिलेच न्हाई, तर मला गोळी लागती का?"

डॉक्टर थांबले. "संबंधच नसेल तर नाही लागत. पण तुम्ही एकत्र राहणार असाल तर घ्यायलाच पाहिजे."

"मग नका लिहू." ती उठली. "मी घेतली की हे सोडतात. मी सोडली तवा यांनी घेतली. मग मी नसलेलीच बरी, यांच्या तब्येतीला."

मॅडम म्हणाल्या, घाईनं ठरवू नका. गोळी तुमची आहे, तुमच्यासाठी आहे, कधीही या, मिळेल. मंजुषा म्हणाली, गोळीवर माझा राग न्हाई मॅडम, तिनं तिचं काम केलं. तपासणीच्या तारखा तेवढ्या तिनं आपल्या हातानं फोनमध्ये लिहून घेतल्या.

बसस्टँडवर वसमतची एसटी लागलेली होती. वैजनाथ म्हणाला, घरी चल, कपडे तरी घे. तिनं ऐकलंच नाही असं केलं. द्वारकाबाईनं तिचा हात धरला. मंजुषानं तो सोडवला, झिडकारून नाही, लेकराच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी तसा. मग वाकून सासूच्या पाया पडली. ते म्हातारीला सगळ्यात जास्त लागलं.

"तुमाला अक्षर शिकवलं ते याच्यासाठी न्हवतं," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

आता संध्याकाळी वैजनाथचं जेवण झालं की द्वारकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर बसते. गोळी हातावर ठेवते. गिळली की म्हणते, तोंड उघड. जीभ वर कर. तो तीस वर्षांचा बाप्या लेकरासारखं तोंड उघडून दाखवतो. मग ती बघते, जिभेखाली बघते, बाटलीतल्या मोजते. चाड्यातल्या गोळ्या तिनं दवाखान्यात नेऊन दिल्या, चाडं चुलीत घातलं.

मंजुषाची महिन्याची तपासणी कशी आली ते मॅडमनी सांगितलं नाही, सांगता येत नाही म्हणाल्या. वसमतच्या बाजारात जनकाबाईच्या भावजयीला मंजुषा भेटली होती, तिच्याकडून कळलं की पोरगी बरी आहे, कुठल्याशा शाळेत शिकवायला जाते.

वैजनाथचा तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट आला तेव्हा श्रावण होता. विषाणू मोजणीत आला नाही. आता याच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मॅडमनी अभिनंदन केलं. माय-लेक जीपनं घरी आले, एकमेकांशी न बोलता. संध्याकाळी त्यानं गोळी घेतली, तोंड उघडून दाखवलं. द्वारकाबाईनं पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरावर वै काढला. दोन्ही मात्रा आता नीट पडत होत्या. शेजारची जागा रिकामी होती.